‘सालिम अलींचं पुस्तक’ म्हणजे नेमकं कोणतं?

पाऊण तासाच्या पॉडकास्टची ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे बोलण्याची जशीच्या तशी नोंद. शो नोट्स मात्र श्रोत्याच्या सोयीसाठी असतात: कुठे काय आहे, पाहुणे कोण आणि त्यांनी सांगितलेलं कुठे मिळेल. समजा, पाहुणे पक्षीनिरीक्षक आहेत.

आधी वाचताना विषय कुठे वळतो तिथे खुणा करायच्या. चॅप्टरची वेळ उत्तराची नव्हे, प्रश्न सुरू होतो तिथली घ्यावी, नाहीतर श्रोता अर्ध्या वाक्यात येऊन पडतो. ‘गप्पा’ किंवा ‘पुढील चर्चा’ अशा नावांनी काहीच कळत नाही. यादी अशी दिसते:

```
00:00 ओळख
03:40 पक्षी ओळखायला सुरुवात कशी करावी?
17:25 दुर्बीण निवडताना
31:10 सालिम अलींचं बालपण
```

यूट्यूबवर असे चॅप्टर उमटायला पहिली वेळ 00:00 हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा हवा.

सर्वांत जास्त चुका वेळांत होतात. ट्रान्स्क्रिप्ट कच्च्या ध्वनिमुद्रणाची असेल आणि नंतर सुरुवातीला ४० सेकंदांचं संगीत जोडलं, तर सगळ्या वेळा ४० सेकंदांनी चुकतात. म्हणून अंतिम फाइलवर पहिला विषय आणि शेवटचा चॅप्टर ऐकून पाहावा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल, तर भर सुरुवातीला पडली आहे. शेवटचाच चुकत असेल, तर मध्ये काहीतरी कापलं किंवा घातलं आहे. तिथे प्रत्येक वेळ नव्याने ऐकावी लागते.

पाहुण्यांच्या नावाचं लेखन आणि दोन ओळींची ओळख त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी. आपोआप तयार झालेल्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये नावंच जास्त बिघडतात. बोलण्याच्या ओघात कोणी फोन नंबर सांगितला, तर तो न विचारता नोट्समध्ये टाकू नये.

संदर्भांच्या यादीला खरी मेहनत लागते. पाहुणे दोनदा ‘सालिम अलींचं पुस्तक’ म्हणतात. चौथ्या मिनिटाला ते रंगीत चित्रांवरून पक्षी ओळखण्याबद्दल बोलताहेत. ते ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’, पहिली आवृत्ती १९४१. बत्तिसाव्या मिनिटाला लहानपणी मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट येते. ती १९८५ च्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या आत्मचरित्रातली. ट्रान्स्क्रिप्टमध्ये शब्द तेच, पुस्तकं दोन. म्हणून प्रत्येक उल्लेखाच्या आगेमागे दोन-तीन वाक्यं वाचायची, पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक आणि उल्लेखाची वेळ लिहायची, आणि तरीही शंका उरली तर पाहुण्यांनाच विचारायचं. अंदाजाने नाव टाकलं, तर श्रोता दुकानातून भलतंच पुस्तक घेऊन येतो.