एक मिलिमीटर सूज: मोठ्यांचा घसा बसतो, लहानग्याचा श्वास का अडतो?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यात हवा बदलली की घरोघरी सर्दी-खोकला सुरू होतो. एकाच घरात बापाला तोच आजार होतो आणि दीड वर्षाच्या पोरालाही तोच होतो. बापाचा घसा बसतो, दोन दिवस आवाज निघत नाही, पण तो कामाला जातो. पोराला मात्र मध्यरात्री श्वास घेता येईना म्हणून दवाखाना गाठावा लागतो. जंतू एकच, मग असं का? याचं उत्तर नळीच्या मापात आहे.

वाडीतल्या पाइपाचा हिशोब

नारळ-पोफळीच्या वाडीत ज्यांनी ठिबक बसवलंय त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. मोठ्या पाइपात आतून थोडं शेवाळ धरलं तरी पाणी चालू राहतं. तेवढंच शेवाळ बारीक मायक्रोट्यूबमध्ये धरलं तर झाड सुकतं.

तान्ह्या बाळाची श्वासनळी साधारण ४ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे ठिबकच्या बारीक मायक्रोट्यूबएवढी. तिला आतून सगळीकडून १ मिलिमीटर सूज आली तर दोन्ही बाजूंनी मिळून २ मिलिमीटर जातात आणि वाट उरते फक्त २ मिलिमीटरची. हवा जायची जागा चौथा हिस्सा राहते. हवेला होणारा अडथळा मात्र चौपट नाही, तब्बल १६ पट वाढतो. नळी निम्मी झाली की अडथळा दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन असा चढतो.

आता मोठ्या माणसाची नळी हिशोबासाठी ८ मिलिमीटर धरू. खरं तर ती याहून रुंदच असते. तेवढीच १ मिलिमीटर सूज आली तर ६ मिलिमीटर वाट उरते आणि अडथळा साधारण तिप्पट होतो. तिप्पट अडथळा माणूस सोसतो, सोळापट अडथळ्याला बाळ थकून जातं.

माप एवढाच फरक नाही

स्वरयंत्राच्या लगेच खाली कुर्च्याची, म्हणजे मऊ हाडाची, एक पूर्ण गोल कडी असते. कानाचा वरचा भाग जसा मऊ हाडाचा, तसंच हे. बाकीच्या श्वासनळीला मागून हाड नसतं, पण ही कडी चारही बाजूंनी बंद असते. त्यामुळे इथे सूज आली की तिला बाहेर फुगायला जागा नाही, ती आतच येते. मुलांची वाट नेमकी इथे अरुंद असते.

कडीखालची नळी लहानपणी लवचीक असते. अडथळ्यातून हवा ओढायला मूल जोर लावतं, तेव्हा गळ्यातली मऊ नळी आत चेपली जाते. जाड मिल्कशेक पातळ स्ट्रॉने जोरात ओढला की स्ट्रॉ चपटी होते, तसंच. म्हणून घशाच्या सुजेत आवाज श्वास आत घेताना येतो. दम्यासारखा छातीतला त्रास असेल तर शिटी बहुधा श्वास सोडताना ऐकू येते. दवाखान्यात एवढं नीट सांगितलं तरी डॉक्टरांना मदत होते.

बाळाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते आणि डोक्याचा मागचा भागही मोठा असतो. बाळाला पाठीवर झोपवून डोक्याखाली उशी दिली की हनुवटी छातीकडे वळते आणि वाट आणखी दबते. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, म्हणून नुसतं नाक चोंदलं तरी त्याला अंगावर पिता येत नाही.

शेवटचा फरक ताकदीचा. वजनाच्या मानाने बाळाला मोठ्यांच्या जवळपास दुप्पट प्राणवायू लागतो, पण साठा कमी असतो. त्याच्या बरगड्या मऊ असतात, म्हणून जोर लावला की छाती आत ओढली जाते. आपण ज्याला ‘पोट उडतंय’ म्हणतो ते हेच.

क्रूप कसा ओळखायचा

या सुजेचा नेहमीचा आजार म्हणजे क्रूप. तो जास्त करून ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांना होतो आणि विषाणूमुळे होतो.

समजा, किनाऱ्यावरच्या एका गावात दीड वर्षाच्या मुलाला दोन दिवस नाक गळतंय, थोडा ताप आहे. तिसऱ्या रात्री ते खोकत उठतं. खोकला कुत्रं भुंकल्यासारखा येतो, आवाज बसलेला असतो. रडलं की श्वास घेताना घर्रर्र आवाज येतो, आईने खांद्यावर घेतलं की थांबतो. ही सौम्य पायरी आहे. तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच.

मूल शांत असतानाही तो आवाज येत असेल आणि गळ्याखालचा खळगा किंवा बरगड्या आत जात असतील तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. ओठ निळसर पडले, लाळ गिळता येईना किंवा मूल मलूल झालं तरी हेच. आवाज कमी झाला पण मूल सुस्त पडलं, तर ते बरं झालेलं नाही. ते थकलंय, हवा आत जाणंच कमी झालंय.

घरी काय करायचं, काय नाही

मुलाला रडू देऊ नका. जोरात रडताना हवा नळीत घुसळली जाते आणि तोच सोळापट अडथळा बत्तीसपटीच्या आसपास जातो. म्हणून मूल ज्या आईच्या किंवा आजीच्या मांडीवर शांत बसतं तिथेच बसू द्या. जबरदस्तीने आडवं पाडू नका. चमचा घालून घसा बघायचा प्रयत्न करू नका. गरम पाण्याच्या वाफेने क्रूप उतरतो हे सिद्ध झालेलं नाही, उलट भांडं सांडून मुलं भाजतात.

दवाखान्यात वजनाप्रमाणे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा बहुधा एकच डोस देतात. स्टिरॉइड म्हटलं की घाबरायचं कारण नाही, सूज उतरवायचं काम तेच करतं, पण त्याला काही तास लागतात. त्रास जास्त असेल तर मशीनने अॅड्रेनालिनचा फवारा देतात. तो काही मिनिटांत काम करतो, पण साधारण दोन तासांत उतरतो. म्हणून मूल हसायला लागलं तरी डॉक्टर तीन-चार तास थांबवून घेतात. लांबच्या गावी जायचंय म्हणून लगेच निघू नका, सूज वाटेतच परत वाढू शकते.

क्रूपसारखे दिसणारे तीन धोके

ताप नाही, सर्दी नाही आणि शेंगदाणा किंवा सुपारीचं खांड तोंडात असताना एकदम ठसका लागून आवाज सुरू झाला, तर काहीतरी अडकलंय. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. मूल खोकत असेल तर खोकू द्या आणि लगेच दवाखाना गाठा.

घटसर्पात घशात करडा पापुद्रा धरतो, मान सुजते. हिब नावाच्या जंतूने स्वरयंत्रावरचं झाकण सुजतं, तेव्हा खूप ताप येतो, लाळ गळते आणि मूल पुढे वाकून बसतं. या दोन्हींविरुद्धची लस पेंटाव्हॅलंटमध्ये आहे. ती दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांला उपकेंद्रात मोफत मिळते. घटसर्पाचे बूस्टर पुढे दीड ते दोन वर्षांत आणि पाचव्या वर्षी असतात. पहिले तीन डोस झाले की पुष्कळ घरी कार्ड कपाटात जातं आणि बूस्टर राहतो. तारीख गेली असली तरी आशाताईंना कार्ड दाखवा, राहिलेला डोस कधी द्यायचा ते उपकेंद्रात सांगतील.