बैलगाडीच्या ओझ्याची तक्रार : आधी काटापट्टी, मग अर्ज

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या वाटेवर असलेल्या गावांच्या बाजारपेठेतून उसाच्या गाड्यांची रांग लागते. एखादी गाडी चढाला अडते. बैल डांबरावर घसरून गुडघ्यावर येतो, गाडीवान शेपूट पिरगाळतो, मागून हॉर्न वाजत असतात. दुकानाच्या पायरीवर उभी असलेली चार माणसे हळहळतात, त्यातला एखादा मोबाइलवर चित्रण करतो आणि रात्री भारतीय पशुकल्याण मंडळाला ते पाठवून देतो. ‘अमुक रस्त्यावर बैलांचे हाल होतात, कारवाई करावी.’ अशा तक्रारींचे पुढे बहुतेक वेळा काहीच होत नाही. त्यात तक्रारदाराची तळमळ कमी पडत नाही, कमी पडते ते वजन, आणि हे अगदी शब्दशः.

हे मंडळ प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या चौथ्या कलमाने स्थापन झाले. १९६२ साली मद्रासमध्ये त्याचे काम सुरू झाले तेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या अध्यक्ष होत्या. आता कार्यालय हरियाणात, फरिदाबाद जिल्ह्यातल्या बल्लभगडला आहे. मंडळाचे काम मुख्यतः सल्ल्याचे. ओढकाम करणाऱ्या जनावरांवरचा भार हलका व्हावा म्हणून गाड्यांच्या रचनेत काय सुधारणा कराव्यात, याचा सल्ला सरकारला देणे हेही त्याच्या कामात मोडते. पण रस्त्यावर गाडी थांबवणारा माणूस मंडळाकडे नाही. तिथे आलेली तक्रार जिल्ह्यातल्या पोलिसांकडे किंवा प्रशासनाकडेच परत धाडावी लागते. आणि कायद्याच्या छत्तिसाव्या कलमाप्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर तो पुढे दाखलच करता येत नाही. पत्र बल्लभगडला जाऊन परत येईपर्यंत यातला किती वेळ जाईल, याचा अंदाज सरकारी टपाल पाहिलेल्या कोणालाही करता येईल.

मग पोलिसांकडेच जावे, तर तिथे दुसरी अडचण. जादा ओझे लादणे किंवा मारहाण करणे हा अकराव्या कलमाखालचा गुन्हा असला तरी तो अदखलपात्र आहे. ठाण्यात नोंद होते, पण तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हा आकडा वाचून हसू येते, आणि गाडीवानालाही येते. तरीही या कायद्याखालचे एक हत्यार धारदार आहे. ते कायद्यात नाही, १९६५ सालच्या ओढकाम व ओझेवाहू जनावरांच्या नियमांत आहे.

हे नियम ‘जास्त ओझे’ असे मोघम बोलत नाहीत, किलोत बोलतात. बैल किती वजनाचा आणि चाक कसले, यावर मर्यादा ठरते. ३५० किलोंहून जड बैल मोठा समजला जातो. आपल्याकडचा पूर्ण वाढलेला खिल्लार सहसा त्यातच बसतो. असा एक बैल साध्या चाकांच्या दुचाकी गाडीला जुंपला तर ९०० किलो, हवेचे टायर असतील तर १३५० आणि बॉल बेअरिंग असेल तर १८०० किलो ही कमाल मर्यादा. बैलजोडी असेल तर दुप्पट. यात गाडीचे स्वतःचे वजनही धरलेले आहे, आणि नेमकी इथेच लोकांची गल्लत होते.

समजा, खिल्लारांची जोडी टायरगाडी ओढते आहे. टायरच्या हिशेबाने मर्यादा २७०० किलो. गाडीवान म्हणणार, चाकाला बेअरिंग आहे. ते खरे असेल तर ३६०० धरा, त्याच्या बाजूने जास्तीत जास्त. गाडी रिकामी साडेचारशे किलोंची आणि ऊस साडेतीन टन, म्हणजे एकूण ३९५० किलो. उदार हिशेबानेही साडेतीनशे किलो जादा. तेच बैल लहान चणीचे, दोनशे ते साडेतीनशे किलोंमधले असतील, तर बेअरिंगवरसुद्धा मर्यादा २८०० किलोंवर येते आणि जादा ओझे हजार किलोंच्या पुढे जाते. वाटेत किमान एक किलोमीटरचा चढ असेल आणि तो तीस मीटरला तीन मीटरहून जास्त चढत असेल, तर सगळ्या मर्यादा निम्म्यावर येतात.

हे वजन सिद्ध कसे करायचे? उसाच्या गाडीइतके सोपे दुसऱ्या कोणत्याच गाडीचे नाही. कारखान्याच्या काट्यावर ती भरलेली आणि रिकामी अशी दोनदा चढते आणि दोन्ही वजनांची नोंद राहते. वाळूची, विटांची किंवा बाजार समितीतून पोती नेणारी गाडी असेल तर एवढी सोय नसते. पण शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलिस गाडी आणि जनावरे वजनकाट्यावर न्यायला सांगू शकतो, असे नियमांतच आहे. म्हणून अर्जात ‘कारवाई करावी’ एवढेच न लिहिता ‘१९६५च्या नियमांप्रमाणे गाडीचे वजन करावे आणि काट्याच्या नोंदी ताब्यात घ्याव्यात’ असे लिहावे.

ओझ्याखेरीज आणखी काही गोष्टी साध्या डोळ्यांना दिसतात. खांद्यावर जू बसते तिथे सूज किंवा चिघळलेली जखम आहे का? बैल एखादा पाय टेकवायचे टाळतो का? पराणीच्या टोकाला आर आहे का? टोकदार आर वापरायला नियमांनी बंदी आहे. भार पुढे झुकला असेल तर तो सगळा मानेवर येतो, मागे गेला तर गाडी उलाळ होऊन जोत्याचा फास गळ्याला बसतो. तापमान ३७ अंशांच्या वर असताना दुपारी बारा ते तीन गाडी जुंपता येत नाही. दिवसभरात एकूण नऊ तासांहून जास्त आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही. जखमेचा फोटो जवळून, तारीख-वेळ दिसेल असा घ्यावा, कारण पोलिसाने चौतिसाव्या कलमाखाली बैल तपासणीसाठी ताब्यात घेतला, तर पुढचा सगळा भरवसा पशुवैद्यकाच्या दाखल्यावर असतो.

आता एक अवघड गोष्ट. गाडी हाकणारा बहुतेकदा बीडकडून आलेला ऊसतोड मजूर असतो. मुकादमाची उचल फेडायची म्हणून तो टनावर राबतो. खेप कमी झाली की त्याचा हिशेब तुटतो. त्याचे बैल जप्त होऊन पांजरपोळात गेले तर त्यांच्या देखभालीचा खर्चही त्याच्याच डोक्यावर बसू शकतो आणि हंगाम बुडतो तो वेगळा. माझ्या मते तक्रारीत फक्त त्याला पकडणे सोपे आणि अन्यायाचे आहे. नियमाची भाषा ‘वापरणारा’ आणि ‘वापरायला लावणारा’ अशी दोघांनाही लागू आहे. गाडी कोणाची, ती भरली कोणी आणि मर्यादेबाहेरचे वजन काट्यावर रोज मुकाट्याने नोंदवून घेतले कोणी, हे तीन प्रश्न अर्जात विचारले गेलेच पाहिजेत.

तेव्हा मंडळाला पाठवायची ती प्रत. मूळ अर्ज त्याच दिवशी पोलिस ठाण्यात द्या, दुसरा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला आणि तिसरा पशुसंवर्धन खात्याला. प्रत्येकावर पोच घ्या आणि तीन महिन्यांची शेवटची तारीख अर्जातच लिहा.