नाव न ठेवलेल्या जिवासाठी

आपल्या घरांत जन्मासाठी बारसे आहे, मृत्यूसाठी दहावा-तेरावा आहे; परंतु दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जो गर्भ गळून जातो, त्याच्यासाठी काहीच नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जितक्या महिन्यांचा गर्भ तितक्या रात्रींनी शुद्धी सांगितली आहे. पण ती गणना मातेच्या सोवळ्याओवळ्याची आहे, शोकाची नव्हे. चार महिन्यांच्या आतील गर्भासाठी जनाज्याची नमाज नाही, असे मुस्लिम धर्मशास्त्रज्ञही सामान्यतः मानतात. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने गर्भपातानंतर नोकरदार स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली. शरीराला विश्रांती मिळाली. मनाला मात्र शब्द मिळाला नाही.

हा शब्द हैदराबादेतील आमच्या परिचयाच्या एका भगिनीने आपल्यापुरता शोधला. दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे स्पंदन आढळले नाही. घरी परतल्यावर जो तो समजूत घालू लागला : 'देवाची इच्छा', 'अजून वय आहे', 'पुढच्या खेपेस होईल'. यांतील एकही वाक्य वाईट हेतूचे नव्हते. परंतु गेले ते कोणीच नव्हते, असाच अर्थ प्रत्येकातून निघत होता. तिने वहीत प्रार्थना लिहावयास घेतली. पहिल्या खर्ड्याचा आरंभ होता, 'माझ्या चुकीची मला क्षमा कर.' नात्यातील लग्नासाठी ती बसने नांदेडला जाऊन आली होती आणि तो प्रवासच आपला अपराध, असे तिने मनाशी धरले होते.

डॉक्टरीणबाईंनी तिला वस्तुस्थिती समजावून दिली. गर्भधारणा कळून आल्यानंतर शंभरांतील दहा ते वीस गर्भ टिकत नाहीत, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच जातात. या आरंभीच्या घटनांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्या वा रचना मुळातच बिघडलेली असते. हा बिघाड बहुधा बीज तयार होताना किंवा फलनाच्या वेळी झालेला असतो. बसचा प्रवास, जिना, घरातले नेहमीचे काम यांनी तो होत नाही. हे ऐकल्यावर त्या भगिनीने आपली पहिली ओळ खोडली. आमच्या मते प्रार्थना खरी तेथून सुरू झाली.

तिने देवाचे नावही योजले नाही. रुग्णालयात तिच्या शेजारच्या खाटेवर एक मुस्लिम भगिनी होती, तिचेही तेच दुःख होते. तिलाही म्हणता यावे, म्हणून पुनर्जन्म, स्वर्ग, प्रारब्ध हे शब्द तिने टाळले. नावाविना, तिच्या अनुमतीने, ती प्रार्थना येथे देत आहोत :

'हे करुणे, तू जेथे असशील तेथून ऐक.
थोडे दिवस माझ्यात कोणी राहून गेले.
त्याचे नाव ठेवले नव्हते, पण वाट पाहिली होती.
ती वाट पाहणे खरे होते, असे मला म्हणू दे.
हे का झाले, ते मी विचारीत नाही. माझ्या देहाला मी दोष देत नाही.
जो माझ्याशेजारी गप्प बसून आहे, त्याचेही दुःख मला दिसू दे.
उद्या मी हसले, तर तो विसर ठरू नये.
ज्या ज्या घरी असा रिकामा दिवस उगवला, तेथे तू जा;
आणि आज थोडा वेळ येथे बैस.'

हिच्यात दुसऱ्या मुलाची मागणी नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईल. ती मागणी आली असती, तर गेलेला जीव केवळ पुढच्याची पूर्वतयारी ठरला असता. पतीसाठी एक ओळ आहे, कारण समाचाराला येणारा प्रत्येकजण पत्नीची चौकशी करतो आणि त्याच्यावर औषधे आणण्याचे काम सोपवतो. ही प्रार्थना पहिले काही दिवस दोघे संध्याकाळी दिवा लावून म्हणत असत. पुढे प्रसूतीची अपेक्षित तारीख आली, तेव्हा पुन्हा म्हटली. त्या तारखेला दुःख उचंबळून येते, आणि बाकीच्या घराला ती आठवतही नसते.

प्रार्थनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तासाला दोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा पोटात वाढती वेदना असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. आठवड्यांमागून आठवडे झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, किंवा जगणेच नको वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावयाचे दुखणे आहे.

आणि अशा घरी समाचारास जाणाऱ्यांनी काय बोलावे? त्या भगिनीच्या सासूबाई एवढेच म्हणाल्या होत्या, 'मीही वाट पाहत होते गं.' तिला ते पुरले.