बिल दुकानाचे की घरचे?

हिशेबनीसाकडे नुसती बिले पाठवून आम्ही मोकळे होत असू. गेल्या महिन्यात १३ बिले चढवली, तेव्हा मात्र सोबत हा ईमेल लिहिला:

"जनाब, सलाम. बिल १ ते ११ कापडखरेदीची, ती दुकानाची. १२ वे फ्रिजचे. त्यावर दुकानाचा जीएसटी नंबर पडला आहे, पण फ्रिज घरी आहे. किंमत २०,००० रुपये, कर ३,६००. या कराचे क्रेडिट घेऊ नका; पूर्ण २३,६०० आमच्या उचल खाती टाका. १३ वे पिशव्यांचे. पैसे घरच्या खिशातून दिले, तरी पिशव्या दुकानात वापरल्या. खर्च दुकानाचा धरा व रक्कम आमच्या खाती जमा करा. त्यावर आमचा नंबर नाही, म्हणून क्रेडिट नाही."

हे लिहिणे का जरूर? दुकानाचा नंबर पडलेले बिल विक्रेत्याने भरले की GSTR-2B मध्ये आपोआप दिसते. हिशेबनीस ते दुकानाचेच समजतो. असे चुकीचे क्रेडिट घेऊन वापरले, तर रक्कम परत करावी लागतेच, वर सालीना १८ टक्के व्याज. तेव्हा व्यापारी बंधूंनो, पैसे कोणी दिले हे पाहू नका. माल कुठे वापरला ते लिहा.