समाचाराची कथा

दोन शेजारी. त्यांच्या एका मित्राची पत्नी नुकतीच वारलेली. दोघे त्याच्या घरी जातात, अर्धापाऊण तास बसतात, कोणी काही बोलत नाही, आणि दोघे उठून घरी येतात. हे कथाबीज एखाद्या लेखकाने आपल्यापुढे ठेवले तर ते मोलाचे आहे, असे आपण बहुधा चटकन म्हणून जाऊ. परंतु कथा लिहावयास बसल्यावर एक साधी अडचण उभी राहते. मौनाला कागदावर जागाच लागत नाही. "बराच वेळ कोणी बोलले नाही" या पाच शब्दांत सारी भेट आटोपते. हा जो बराच वेळ, तो वाचकाच्या अनुभवात कसा उतरवावयाचा? कथेची सारी कसोटी या एका प्रश्नात आहे.

अशा भेटीला आपण मराठीत 'समाचारास जाणे' म्हणतो. शब्द थोडा विलक्षणच आहे, कारण बातमी तर आधीच कळलेली असते. आणि एखाद्याची खरडपट्टी काढली तरी त्याचा 'समाचार घेतला' असेच आपण म्हणतो! गुजरातीत याच प्रसंगाचे नाव 'बेसणुं' असे आहे. म्हणजे नुसते बसणे. मराठी शब्दाला काहीतरी विचारावयाचे आहे, गुजराती शब्दाला फक्त बसावयाचे आहे. आपल्या कथेतील दोघे समाचारास म्हणून निघतात आणि बेसणे करून परततात, असे म्हटले तर कथेची दिशा नेमकी सांगितल्यासारखे होईल.

ही कथा रायपुरात घडते अशी कल्पना करू. तिथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून आहेत, आणि मराठी घराच्या भिंतीला लागून हिंदी वा छत्तीसगढी बोलणारे घर असणे ही तिथली नित्याची गोष्ट आहे. शिवाय कथावाङ्मयाच्या दृष्टीने या गावाशी एक जुना दुवा आहे. १९२६ साली रायपुरात निधन पावलेले माधवराव सप्रे मराठीभाषक होते. टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत नेले. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले, आणि १९०१ साली त्यात त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. काही अभ्यासक तिला हिंदीतील पहिली लघुकथा मानतात. तिच्यातही एक विधवा आहे आणि एक शेजारी आहे. शेजारी जमीनदार आहे, आणि आपल्या वाड्यालगतची तिची झोपडी त्याने बळकावली आहे. ती टोपलीभर माती मागावयास येते आणि टोपली उचलू लागण्याची विनंती करते. ती त्याला उचलत नाही, तेव्हा ती विचारते की एवढ्या मातीचा भार पेलत नाही, तर झोपडीत हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा पेलणार? जमीनदाराचे डोळे उघडतात. सारी कथा त्या एका उद्गाराकडे वाहत जाते. दुःखी माणूस बोलतो आणि त्याचा शब्द शेजाऱ्याला बदलतो. आपल्या कथेत हा आधार काढून घेतलेला आहे. तिथे दुःखी माणूस बोलत नाही, शेजाऱ्यांनी कोणता अपराध केलेला नाही, आणि कोणाचे परिवर्तनही व्हावयाचे नाही. उरतो तो नुसता भार.

आता शेजारी दोनच का? एकच माणूस समाचारास आला तर ती समोरासमोरची गाठ होते. मग मौन हे त्या दोघांतील काहीतरी भांडण वा गुपित वाटू लागते. तीनचार आले की घोळका होतो आणि कुजबूज सुरू होते. दोघे असले म्हणजे मात्र एक चमत्कारिक अवस्था निर्माण होते. प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने आरंभ करावा, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या असमर्थतेचा साक्षीदार असतो. त्यातून एक मराठी आणि एक छत्तीसगढी असेल तर दोघांजवळ सांत्वनाची तयार वाक्ये आहेत, पण ती दोन भाषांतली. "देवापुढे कोणाचे चालत नाही" हे वाक्य मराठी शेजाऱ्याच्या ओठांवर येते आणि पलीकडच्याला ते कळेल की नाही, या क्षुल्लक शंकेने तिथेच थांबते. दुःखापुढे शब्द थिटे पडतात वगैरे भव्य कारणांपेक्षा असली क्षुल्लक कारणे कथेला अधिक उपकारक असतात.

आणि हे दोघे नातेवाईक नव्हेत, शेजारी आहेत. शेजारी घराला कानांनी ओळखतो. रात्रीचा खोकला, भांड्यांचा आवाज, पहाटे अवेळी उघडलेले दार, कदाचित नवराबायकोंचे एखादे भांडणही त्याने भिंतीपलीकडून ऐकलेले असते. आता तो भिंतीच्या अलीकडच्या बाजूस येऊन बसला आहे. ज्याची कबुली देता येत नाही असे बरेच काही त्याला माहीत आहे, आणि मित्रालाही ते ठाऊक आहे. म्हणून हे मौन रिकामे नाही. नातेवाइकांचे मौन वेगळे, आणि लेखकाने त्यांत गल्लत केली तर कथा कोणत्याही घरची होऊन बसेल.

प्रसंग मे महिन्यातील दुपारचा घेऊ. रायपूरच्या त्या उन्हात खिडकीत कूलर चाललेला असतोच. तिघे बसले आहेत आणि खोलीभर त्याची घरघर भरून राहिली आहे. या घरघरीमुळे सुरुवातीचे न बोलणे सुसह्य होते, जवळजवळ सभ्य वाटते. काही वेळाने पंपाचा आवाज बदलतो. जाळ्यांतील गवतावरून पाणी झिरपण्याची खळखळ थांबते, कोरडी गुरगुर उरते. ओल्या गवताचा वास जातो आणि वारा हळूहळू गरम होतो. टाकीतील पाणी संपले आहे. ती रोज दुपारी कोण भरीत असे हे तिघांनाही ठाऊक आहे. मित्राचे लक्ष नाही, निदान तसे दिसते. दोन्ही शेजाऱ्यांच्या ध्यानात आले आहे, आणि दुसऱ्याच्याही ध्यानात आले आहे हे प्रत्येकाला कळले आहे. इथे कथेला आपले केंद्र सापडते. मौन वर्णन करून सांगता येत नाही, ते ऐकू यावे लागते. आणि ते ऐकू येण्यासाठी आधी एखादा आवाज असावा लागतो, जो बदलतो किंवा थांबतो.

मग त्यांच्यापैकी एकाने उठून बादलीभर पाणी ओतावे काय? माझ्या मते नाही. ओतले की कथा एका सत्कृत्याची होते, वाचक सुटकेचा श्वास टाकतो, आणि तो भार तिथेच उतरतो. छत्तीसगढी शेजाऱ्याने उठावयाच्या बेताने गुडघ्यावर हात ठेवावा आणि मग तसेच बसून राहावे, एवढे पुरे आहे. कारण ती टाकी भरणे म्हणजे मेलेल्या बाईचे काम आपल्या हाती घेणे होय, आणि तेवढा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे त्याला ठरवता येत नाही.

अशा आवाजाचा उपयोग जेम्स जॉइसने 'द सिस्टर्स' या कथेत केला आहे. १९०४ साली प्रथम छापलेली ही कथा पुढे सुधारून १९१४ च्या 'डब्लिनर्स' संग्रहात आली. एक मुलगा आपल्या मावशीबरोबर मृत धर्मगुरूच्या घरी जातो. तिथे बिस्किटे पुढे केली जातात आणि तो ती नाकारतो, कारण खाताना फार आवाज होईल असे त्याला वाटते. मुलाला दुःख झाले की नाही, हे जॉइस सांगत बसत नाही. न खाल्लेल्या बिस्किटाच्या न झालेल्या आवाजाने त्याने खोलीतील शांतता मोजून दिली आहे. पुढे मृताची एक बहीण बोलू लागते आणि कथा वेगळ्या वळणाला लागते. आपल्या कथेला ती सवलत नाही.

आपल्याकडे या जागी बहुधा एक चूक होते. बाहेर कोणी बोलत नाही म्हणून लेखक पात्रांना मनातल्या मनात बोलावयास लावतो. नवकथेने आपल्याला संज्ञाप्रवाहाची सवय लावली. त्याचा लाभ मोठा झाला. पण या कथेत तो प्रवाह म्हणजे चोरवाटेने आणलेले संभाषणच ठरते. एकाला आपली आई आठवते, दुसऱ्याला मृत स्त्रीने दिलेली लोणच्याची बरणी, आणि तीन पाने भरतात. पारख करण्याचा एक उपाय आहे. "त्याला वाटले", "त्याला आठवले" अशी सारी वाक्ये खोडून कथा पुन्हा वाचावी. तरीही ती भेट जड वाटली तर मौन कथेत होते, आणि ती कोसळून पडली तर ते केवळ विषयात होते.

बोलण्याने काय बिघडते याचे एक फार जुने उदाहरण जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथात आहे. त्याचे तीन मित्र समाचारास येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसतात. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणी शब्दही काढीत नाही. तोवर त्यांचे वागणे निर्दोष असते. ते बोलू लागतात, दुःखाची कारणे सांगू लागतात, आणि अखेरीस ईश्वराच्या कोपास पात्र होतात. शोकग्रस्ताने तोंड उघडण्यापूर्वी भेटीस आलेल्याने बोलू नये, असा यहुदी लोकांचा नियमच आहे. आपल्या दोघांपुढे असा कोणताही नियम नाही. ते का बोलत नाहीत याचे समाधान त्यांना कोणी दिलेले नाही; म्हणून तर त्यांची गोष्ट सांगावयाची.

रायपुरात राहून लिहिलेल्या विनोदकुमार शुक्लांची 'हताशा से एक व्यक्ति बैठ गया था' ही कविता येथे आठवणे साहजिक आहे. तिच्यातील बोलणारा खचून बसलेल्या माणसाला ओळखत नाही, त्याच्या हताशेला ओळखतो, हात पुढे करतो, आणि ते दोघे सोबत चालू लागतात. अनोळखी माणसाच्या बाबतीत हे साधते. ओळखीच्या माणसापुढे हात इतक्या सहज पुढे होत नाही, आणि कवितेने जे पार केले ते अंतर कथेला तसेच ठेवणे भाग आहे.

शेवटी निघण्याचा प्रश्न. मराठी माणूस निघताना "येतो" म्हणतो. दुखवट्याच्या घरी मात्र "येतो" म्हणावयाचे नसते आणि यजमानानेही "या" म्हणावयाचे नसते. मुकाट्याने उठून चालू लागावयाचे. छत्तीसगढी शेजाऱ्याला हिंदीत "चलते हैं" म्हणता आले असते. त्यात परत येण्याची सूचना नाही. पण मराठी शेजारी नुसताच उठला म्हणून तोही गप्प राहतो. दोघे दारात चपला घालीत असताना आतून मित्राचा शब्द येतो, "या." आयुष्यभराची सवय, दुसरे काही नाही. कथेतील हा एकमेव उच्चारलेला शब्द असावा, आणि तो ज्याला कळला तो मराठी शेजारी थबकलेला दिसावा, इतकेच.

येथे थांबण्याचा मोह लेखकाला होईल. शेवट टाळी घेणारा आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने मी येथे थांबणार नाही. शेजाऱ्याच्या भेटीला परतीचा प्रवास नसतो. दहा पावलांवर त्याचे स्वतःचे दार असते. त्याने घरी जावे, जेवावे, अंथरुणावर पडावे. भिंतीपलीकडे कूलरचा पंप अजून कोरडा चाललेला त्याला ऐकू यावा, आणि बऱ्याच वेळाने कोणीतरी तो बंद केल्याचा आवाजही.