आप्पांचा अर्ज

आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. त्यामुळे रेशनकार्डावरचे नाव असो की वीजबिलाची तक्रार, अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडेच येते. गेल्या पावसाळ्यात मात्र असा एक अर्ज वाट्याला आला की तो लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

धाकटा भाऊ आठवीत, सेमी-इंग्रजीच्या वर्गात आहे. त्याने विज्ञानाचा एक प्रयोग केला होता. तीन वाट्यांत ओला कापूस, प्रत्येकीत वीस मूग. एकीत साधे पाणी, दुसरीत थोडे मीठ, तिसरीत जास्त. चार दिवसांनी किती मूग मोडावले ते मोजायचे. अहवाल इंग्रजीत टाईप करून दिला. आठवड्याने शाळेची चिठ्ठी आली : डिटेक्टरच्या तपासणीत हा अहवाल ८७ टक्के कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला आढळला, सबब गुण देता येत नाहीत, पालकांनी खुलासा करावा.

आप्पांची पिठाची गिरणी आहे. ते चौथीपर्यंत शिकले. चिठ्ठी वाचून दाखवल्यावर म्हणाले, "लिही, माझं पोरगं चोर नाही." मी तसेच लिहिले, दोन पाने भरून. मग धाकट्याला बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, "ताई, अंकुरणाची व्याख्या पुस्तकातली आहे. बाकी सगळं माझं." तेव्हा मी ती दोन पाने फाडली. रागाने भरलेल्या अर्जाला शाळा एकच उत्तर देणार : यंत्र असे म्हणते. तेव्हा यंत्र नेमके काय म्हणते, ते आधी समजून घ्यायला हवे होते.

हे यंत्र मुलाला लिहिताना पाहत नाही. त्याच्यापुढे फक्त मजकूर असतो. "सूर्य पूर्वेला" एवढे लिहिले की पुढचा शब्द "उगवतो" हे कोणीही सांगेल. "आमच्या शेजारीणबाई पूर्वेला" असे लिहिले तर पुढे काय येईल, देव जाणे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे बहुधा संभवनीय शब्दामागून संभवनीय शब्द ठेवत लिहितात. म्हणून पुष्कळसे डिटेक्टर मजकुरातला प्रत्येक शब्द कितपत अपेक्षित होता ते मोजतात. सगळेच शब्द फार अपेक्षित निघाले, वाक्यांची ठेवणही एकसारखी निघाली, की शिक्का बसतो.

आता विज्ञानाचा अहवाल आठवा. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. "बिया पाण्यात ठेवण्यात आल्या, बियांचे निरीक्षण करण्यात आले." आपणा सर्वांना हे असेच लिहायला शिकवले आहे, आणि वेगळे लिहिले की लाल रेघ ओढली जाते! त्यात इंग्रजी ही मुलाची घरची भाषा नाही. ठाऊक आहेत तेवढ्याच शब्दांत तो साधी वाक्ये करणार. म्हणजे अहवाल जितका शिस्तीचा, तितका तो यंत्राला संशयास्पद.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली हेच तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात डिटेक्टरांना दिले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंधांवर यंत्रलिखित असा शिक्का बसला. तिथल्याच आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. गंमत पुढेच आहे. त्या टोफेल निबंधांतले शब्द चॅट-जीपीटीकडून भारदस्त करून घेतले, तेव्हा चुकीचे शिक्के पुष्कळच कमी झाले. यंत्राचा हात फिरल्यावर ते माणसाचे ठरले!

८७ या आकड्यानेही मला बरेच छळले. काही डिटेक्टर मजकुराचा किती भाग यंत्रासारखा वाटतो ते टक्क्यांत सांगतात, काही स्वतःची खात्री सांगतात. असे शिक्के बसलेल्या शंभर मुलांपैकी ८७ दोषी, असा अर्थ कशातूनच निघत नाही. हे आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी फळ्यावर उलगडून दाखवले. चॅट-जीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये एक डिटेक्टर काढला होता. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्राचे २६ टक्के मजकूर पकडले आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरांवर चुकीने बोट ठेवले. सर म्हणाले, समजा शाळेत २०० अहवाल आले आणि त्यांतले २० खरोखर यंत्राचे आहेत. २० पैकी सापडतील पाच. उरलेल्या १८० प्रामाणिक अहवालांपैकी अडकतील सोळा. म्हणजे एकवीस मुले उभी केली, तर त्यांतली सोळा निरपराध. अचूकता कमी म्हणून कंपनीने तो डिटेक्टर त्याच वर्षी जुलैत मागे घेतला. शाळेचा डिटेक्टर दुसरा आहे, कदाचित पुष्कळ चांगलाही असेल. पण त्याची चूक किती, हे शाळेला विचारायला हवेच.

हे सगळे आप्पांना सांगितले तेव्हा ते पीठ झाडत म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतं काटा खोटा, तर मी भांडत नाही. पाच किलोचं वजन ठेवून दाखवतो." अर्जात जे मला सुचत नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. अर्ज शेवटी असा झाला :

"माननीय मुख्याध्यापिका बाई यांस, सविनय नमस्कार वि. वि.

माझ्या मुलाच्या विज्ञान अहवालाबाबत आपली चिठ्ठी मिळाली. अहवालातील अंकुरणाची व्याख्या त्याने पाठ्यपुस्तकातून जशीच्या तशी घेतली आहे व तसे नमूद केलेले नाही. ही चूक आम्हास मान्य आहे. बाकीचा अहवाल त्याचा स्वतःचा आहे. डिटेक्टरचा आकडा हा मजकुराच्या ठेवणीवरून बांधलेला अंदाज आहे, लिहिणारा कोण याचा पुरावा नाही. म्हणून विनंती की,

त्याची कच्ची वही सोबत जोडली आहे, ती पाहावी. रोजच्या नोंदी व खाडाखोड तीत आहे. बाईंनी त्याला समोर बसवून प्रयोगाविषयी हवे ते प्रश्न विचारावेत. तसेच शाळेच्या कपाटात २०२२ पूर्वीचे विद्यार्थ्यांचे इंग्रजी अहवाल असतील. चॅट-जीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, तेव्हा ते अहवाल मुलांचेच हे नक्की. त्यांतले काही याच डिटेक्टरला देऊन तो काय म्हणतो ते पाहावे.

यानंतर आपण जो निर्णय घ्याल तो आम्हास मान्य राहील.

आपला नम्र, पालक."

"मान्य राहील" हे आप्पांनी घालायला लावले. माझ्या मनात नव्हते.

चार दिवसांनी बोलावणे आले. आप्पा गिरणी बंद ठेवून गेले, मीही गेले. विज्ञानाच्या बाईंनी वही उघडली. तिसऱ्या दिवसापुढे पेन्सिलीने लिहिले होते : "आईने वाटी २ मधला कापूस वातीसाठी घेतला. नवीन घातला. ३ मूग हरवले." बाईंनी विचारले, मग टक्केवारी कशी काढलीस? तो मराठीतच म्हणाला, "वीसवर नाही, सतरावर काढली." बाई थोडे हसल्या. जुने पाच अहवाल त्यांनी आधीच तपासून ठेवले होते. त्यांतल्या दोनांवर तोच शिक्का बसला होता, आणि त्यांतला एक २०१६ सालचा होता.

त्याला वीसपैकी सोळा गुण मिळाले. दोन कापले व्याख्येसाठी आणि दोन कापसाची हकीकत अहवालात न लिहिल्याबद्दल. घरी येताना तो कुरकुरत होता की तशी हकीकत लिहिली असती तर अहवाल घाण दिसला असता. आप्पा म्हणाले, "ती लिहिली असतीस तर मला गिरणी बंद ठेवावी लागली नसती."