आधी तळमजला बघा, मग फ्लॅट

एजंट नेहमी थेट फ्लॅटमध्ये नेतो. नवा रंग, नवी फरशी, खिडकीतून येणारा वारा बघून माणूस तिथेच निम्मा होकार देऊन मोकळा होतो. मुंबईतल्या जुन्या इमारतीत भाड्याने राहायचं असेल तर सुरुवात तळमजल्यापासून करावी.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळली आणि 17 जण दगावले. ती काही शंभरी गाठलेली चाळ नव्हती, साधी आरसीसीची चार मजली इमारत होती. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. म्हणून वय विचाराच, पण ‘खाली कधी तोडफोड झाली का, पूर्वीचं दुकान एकाचं दोन झालं का’ हेही विचारा. वॉचमन किंवा शेजारचा दुकानदार हे सेक्रेटरीपेक्षा मोकळेपणाने सांगतो.

समजा, इमारत 1982 ची आहे. मुंबई महापालिकेच्या कायद्यानुसार तिशी ओलांडलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, म्हणजे इथे ते 2012 नंतर व्हायला हवं होतं. ‘ऑडिट झालंय’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. अहवालात वर्ग कोणता पडला ते विचारा. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे न हलता मोठी दुरुस्ती, आणि सी-3 म्हणजे किरकोळ कामं. सेक्रेटरी ‘सी-2बी’ म्हणाले तर पुढचा प्रश्न लगेच विचारा: दुरुस्ती झाली का, कधी? बऱ्याच सोसायट्यांत अहवाल कपाटात पडून असतो आणि वर्गणीवरून वाद सुरू असतो.

मग पार्किंगमधले खांब आणि जिन्याखालचा स्लॅब बघा. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते, म्हणून सळईच्या रेषेतच लांब तडा जातो. भिंतीच्या प्लास्टरवरच्या केसासारख्या रेषांना मी फारसं घाबरत नाही. खांबावरच्या उभ्या तड्याला घाबरावं. एकाच खांबाला ताजं प्लास्टर दिसलं तर का, ते विचारावं. मधूनच नाणं वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर वरचा थर सुटलेला असतो.

आगीचं गणित तर जिन्यातच कळतं. लिफ्ट धरायचीच नाही. जिना एकच असेल आणि त्याच्या तोंडाशी सगळे वीजमीटर, शेजारी सायकली नि चपलांची कपाटं असतील, तर आग लागेल तिथूनच बाहेर पडायचं असा प्रकार. अग्निशमन यंत्रणा बसवलेली असेल तर परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी मागा. तो दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. गच्चीचं दार स्वतः ढकलून बघा. शेवटी फ्लॅटमध्ये जाल तेव्हा खिडकीच्या बॉक्स ग्रिलला उघडणारी झडप आहे का ते पाहा, आणि तिला कुलूप असेल तर किल्ली कुठे असते तेही घरमालकाला तिथेच विचारा.